एकही कप निळा झाला नाही

वर्गात तिला सगळे वहिनी म्हणायचे. तिचं लग्न बारावीनंतरच झालं होतं, डॉक्टर व्हायचं तिने मधल्या काळात घरी बसून ठरवलं, आणि प्रवेश मिळाला तेव्हा पोरगा दोन वर्षांचा होता. नवरा त्याच कॉलेजच्या रुग्णालयात एक्स-रे काढायचा, म्हणून आवारातच कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्या मिळाल्या होत्या. सासूबाई पोराला सांभाळत. सासूबाईंचा शिक्षणाला विरोध नव्हता. फक्त परीक्षा आली की सुनेचं लक्ष घरात राहत नाही, एवढं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगत.

समाजवैद्यकाची प्रात्यक्षिक परीक्षा ती दुसऱ्यांदा देत होती. पहिल्या वेळी लेखी निघाली, प्रात्यक्षिकात घोडं अडलं. तोंडी परीक्षेत तिला बोलताच आलं नव्हतं. उत्तरं येत होती, पण जिभेवर यायच्या आत पुढचा प्रश्न येत होता. या वेळी पुन्हा हात हलवत परत आली तर सासूबाई काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणंच तिला सोसणार नव्हतं.

त्यात परीक्षेच्या आदल्या दिवसापासून पोराचं पोट बिघडलेलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघांनाही तसंच होतं. हवा बदलली की असं व्हायचंच, असं सगळ्यांचं मत पडलं. सकाळी निघताना तिने मीठ-साखरेचं पाणी करून पातेल्यावर झाकण ठेवलं, घोट घोट पाजत राहा म्हणून सांगितलं आणि पोराचा ओठ ओला आहे ना, हे बोटाने पाहून ती बाहेर पडली.

तिला प्रयोग आला पाण्याचा. म्हणजे सगळ्यांना हवा असतो तोच. विहिरीत किंवा टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, हे ठरवण्याची पेटी टेबलावर मांडलेली होती. तिच्यात सहा पांढरे कप, आत खूण असलेला एक काळा कप, दोन ग्रॅमचा धातूचा चमचा, ढवळायला काचेच्या कांड्या आणि थेंब मोजायची नळी. शेजारच्या टेबलावर हाच प्रयोग पोपटला आला होता. पोपट हे त्याचं वर्गातलं नाव. पुस्तकाचं पान उलटताना येणारा आवाजसुद्धा तो पाठ करतो, असं मुलं म्हणत.

तिने काळ्या कपात सपाट चमचाभर पावडर घेतली, थोड्या पाण्यात तिची पेस्ट केली, खुणेपर्यंत पाणी भरलं, ढवळून गाळ खाली बसू दिला. मग पांढरे कप बादलीतल्या पाण्याने काठाच्या जरा खालपर्यंत भरले आणि वरच्या निवळीचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं करत सहाव्यात सहा टाकले. प्रत्येक कप वेगळ्या कांडीने ढवळला. आता अर्धा तास थांबायचं होतं. क्लोरीनला जंतूंवर आणि घाणीवर काम करायला तेवढा वेळ लागतो.

अर्ध्या तासाने तिने प्रत्येक कपात सूचक द्रावणाचे तीन-तीन थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन उरला असेल तर रंग निळा होतो. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा दिसेल, त्याचा क्रमांक म्हणजे साडेचारशे लिटर पाण्याला लागणारे पावडरचे चमचे. तिसरा कप असेल तर तीन चमचे, सहा ग्रॅम. इतकं सोपं.

पहिला कप तसाच राहिला. दुसराही. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यावर ती ओणवी झाली. पाणी होतं तसंच होतं.

तिने पोपटकडे पाहिलं. त्याचेही सहाही कप पांढरेच होते, आणि तो शांतपणे लिहीत होता. मान वर न करता तो पुटपुटला की तिसरा कप लिही, पावडर जुनी असते, दर वर्षी हेच होतं, परीक्षकांनाही तेच उत्तर हवं असतं. सल्ला वाईट नव्हता. याआधी कितीजण तिसऱ्या कपावरच पास झाले असतील.

तिने पेन उचललं. सासूबाईंचं बोलणं तेव्हा तिच्या मनात आलं. चार-पाच दिवसांपूर्वी त्या म्हणाल्या होत्या की हल्ली नळाच्या पाण्याला तो औषधाचा वास येत नाही, कसं गोड लागतं. ती तेव्हा पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि नुसतं हं म्हणाली होती.

तिने लिहिलं: एकाही कपात निळा रंग नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या. चष्मा कपाळावर ठेवून त्या टेबलापाशी आल्या, त्यांच्यामागे कॉलेजचे विभागप्रमुख. बाईंनी उत्तरपत्रिका वाचली, कप पाहिले आणि विचारलं, "मग याचा अर्थ काय?"

जीभ पुन्हा टाळूला चिकटली. पण या वेळी बाई पुढचा प्रश्न विचारत नव्हत्या, थांबल्या होत्या.

"दोन अर्थ निघतात," ती म्हणाली. "पावडरमधला क्लोरीन उडून गेला असेल, किंवा पाण्यातच इतकी घाण आहे की सहा थेंब तिने खाऊन टाकले."

"कोणता खरा, ते कसं ठरवणार?"

"हीच पावडर शुद्ध पाण्यात घालून बघते. ऊर्ध्वपातित पाण्यात क्लोरीनला खायला काही नसतं. त्यातही रंग आला नाही, तर दोष पावडरचा."

विभागप्रमुख म्हणाले की पावडरच जुनी असणार, डबा बदलून घेऊ, वेळ कशाला घालवायचा. बाईंनी मात्र तिला करून बघ म्हणून सांगितलं. तिने कप धुऊन काढले, बाटलीतलं शुद्ध पाणी भरलं, पुन्हा एक-दोन-तीन थेंब टाकून ढवळलं. या पाण्यात झगडायला काहीच नसल्यामुळे थांबायची गरज नव्हती. सूचक पडताच पहिल्या कपात फिकट निळा उतरला, दुसऱ्यात जरा गडद, तिसऱ्यात शाईसारखा.

"पावडर थोडी उतरलीय," ती म्हणाली, "पण मेलेली नाही. पाणी वाईट आहे."

बाईंनी बादलीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटॉलिडिनचा थेंब टाकायला लावला. क्लोरीन असता तर लगेच पिवळं झालं असतं. काही झालं नाही. बादली कुठून भरली, असं त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना विचारलं. मामा सांगायला कचरले, पण त्यांनी सांगितलं. विभागाच्या नळाला सकाळी करंगळीएवढी धार होती. परीक्षेची घाई, म्हणून त्यांनी मागच्या बाजूला क्वार्टर्सच्या बाहेरच्या नळावरून बादल्या आणल्या.

तिच्या घरचं पाणीही त्याच नळाच्या टाकीतून यायचं.

विभागप्रमुख बाईंना म्हणाले की हे आवारातलं आहे, परीक्षा आटोपली की बघून घेऊ. बाई काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, मला घरी फोन करायचाय. माझा मुलगा हेच पाणी पितोय."

तोंडी परीक्षा अर्धी राहिली होती. परीक्षेतून मध्येच उठलेल्याला परत बसवत नाहीत, हे तिला माहीत होतं आणि विभागप्रमुखांनी तिला तेच सांगितलंही. ती उठली. बाई एवढंच म्हणाल्या, "जा. मी इथेच आहे."

फोन बाहेर पिशवीत होता. सासूबाईंना आधी पटेना. काचेसारखं पाणी आहे, रोज गाळून भरते मी, असं त्यांचं म्हणणं. सकाळचं मीठ-साखरेचं पाणी आपणच घाईत न उकळता केलं होतं, हे तिने सांगून टाकलं. मग तिने एकेक करून सांगितलं: ते पातेलं ओतून द्या, पाणी चांगलं खळखळ उकळू द्या, गार करून नवीन करा, पोराला ओपीडीत घेऊन या. आणि बाकीच्या घरांनाही सांगा.

हे शेवटचं सासूबाईंना सगळ्यात लवकर कळलं. नोटीस लावून जे चार दिवसांत झालं नसतं, ते त्यांनी जिना चढता-उतरता केलं. कोणाचं दार बंद दिसलं की खिडकीतून ओरडल्या. तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरत बसल्या आणि तिथूनच चौथ्याला हाक मारली. नातू कडेवर होताच.

ती परत आली तेव्हा बाई खरोखर तिथेच बसल्या होत्या. त्यांनी उरलेले प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं तिला आली नाहीत. तिचं लक्षच नव्हतं. सुटल्यावर ती पळतच ओपीडीत गेली. पोराचे डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूच जागेवर जात होती. त्याला दाखल करून सलाइन लावलं. त्या दिवशी क्वार्टर्समधले आणखी तिघे त्याच वॉर्डात आले. नवरा एक्स-रेच्या खोलीतून किरण अडवणारं शिशाचं जॅकेट तसंच अंगावर ठेवून धावत आला आणि पोराच्या पायाशी बसून राहिला.

क्वार्टर्सची टाकी त्याच दुपारी उघडली. विभागप्रमुख स्वतः उभे होते, शर्टाच्या बाह्या वर करून. एकदा उतरायचं ठरवल्यावर त्यांनी माघार घेतली नाही. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला चीर गेली होती आणि पलीकडे शौचालयाच्या सांडपाण्याचा चेंबर तुंबलेला होता. पंपावरचा माणूस नेमाने पावडर टाकत होता, पूर्वी टाकायचा तेवढीच. ती सगळी टाकीतच खर्ची पडत होती. नळाशी येणाऱ्या पाण्यात काही उरतं का, हे कोणी पाहिलं नव्हतं. तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काळं झालं; म्हणजे त्यात मैल्याचे जंतू होते.

टाकी उपसली, घासली, भिंतीची चीर बुजवली, चेंबर मोकळा केला. जास्त क्लोरीनचं पाणी भरून ते पुन्हा सोडून दिलं. तोवर टँकर येत होता आणि त्याच्याभोवती रोज भांडणं होत होती. वॉर्डातले सगळे घरी गेले, फक्त शेजारच्या म्हाताऱ्या काकांना जास्त दिवस राहावं लागलं. चालताना त्यांचा तोल अजून जातो.

निकाल लागला. ती पास झाली, काठावर. पोपटला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. तोंडी परीक्षेत त्याने एकही प्रश्न सोडला नव्हता. तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि मोकळेपणाने विचारलं की बाबा, तुझ्याही कपात रंग नव्हता, तर मग तू काय लिहिलंस? पोपटने चहाचा घोट घेतला आणि सांगितलं. कोणी हसलं नाही. तो बराच वेळ बसला, पोराशी गाडी गाडी खेळला आणि जाताना तिला म्हणाला की तुला उठताना भीती नाही वाटली?

"वाटली की," ती म्हणाली. "पण बसून राहायची जास्त वाटली."

पोरगा मधेच रडायला लागला, गाडीचं चाक निघालं होतं. पोपट पुन्हा खाली बसला आणि ते बसवू लागला.