बिनमिठाचे आठ महिने

सासऱ्याच्या हातातला भरलेला ग्लास सुनेनं हिसकावून घ्यावा आणि पंगतीला बसलेल्या पाहुण्यांदेखत मोरीत ओतावा, असं कौसल्याबाईंनी बाहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. मानसीनं ते करून दाखवलं. ना ‘आई, जरा थांबा’, ना ‘बाबा, देता का इकडे’. सरळ हात घातला, ग्लास घेतला, भडाभडा ओतून मोकळी झाली. वर नवऱ्याला हुकूम, की पंचशील, गाडी काढ, बाबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय.

रविवारची दुपार होती. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यात भाऊरावांबरोबर तीस-तीस वर्षं खरादाचं यंत्र चालवलेले चार म्हातारे वर्षातून एकदा जमत. इतकी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या मळ्यावर जमत. यंदा भाऊरावांच्या सुजलेल्या पायाला चप्पल होईना, म्हणून सगळे त्यांच्या मल्हारगंजातल्या घरीच आले. दाल-बाफल्यांचा, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा बेत होता. भाऊरावांचे बाफले वेगळे, बिनमिठाचे, त्यांची दाळही वेगळी. त्यांनी तेच पाच खाल्ले. मित्र बसले की त्यांना पोट आठवत नसे.

पाचव्या बाफल्यानंतर ते छातीवर हात फिरवायला लागले. त्या चौघांतल्या संताजीनं चिडवलं, “भाऊ, अब बस करो भिया, वहिनींचं पीठ संपलं.” सगळे हसले. कौसल्याबाई मात्र उठल्या. नवऱ्याच्या छातीवरचा तो हात त्यांच्या ओळखीचा होता. कपाटातून सोड्याचा डबा काढला, चमचा शीग लावून भरला, ग्लासभर पाण्यात ढवळला आणि त्यांच्या हातात दिला. ओठाला लागायच्या आत मानसीचा हात मधे आला.

गाडीत भाऊराव पुढच्या सीटवर ताठ बसून होते. मागे टेकलं की त्यांना धाप लागत होती. मागे कौसल्याबाईंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पोलोग्राउंडजवळच्या मेडिकल स्टोअरमध्ये गोळ्या मोजते म्हणून काय सासूला शिकवणार? सोडा काय विष आहे? मानसीनं एवढंच सांगितलं, की इतक्या भरल्या पोटात सोडा गेला तर आतल्या ॲसिडशी भिडून एकदम ढीगभर गॅस सुटतो. पोट आधीच ताणलेलं, गॅसला जागा नाही. क्वचित होतं, पण पोट फाटलेली माणसं आहेत. आणि बाबांची छाती जळतेय ती ॲसिडनंच, हे कुणी ठरवलं? हृदय अधू असलेल्या माणसाची आधी ईसीजीची पट्टी काढून बघायची असते.

कौसल्याबाईंनी भांडण तिथंच सोडलं, पण पटलं म्हणून नव्हे. पुढे नवऱ्याची मान घामानं भिजली होती, ते दिसलं म्हणून.

तो सोड्याचा ग्लास त्यांच्या संसाराएवढाच जुना होता. लग्न होऊन मल्हारगंजातल्या एका खोलीत आल्या, त्या पहिल्याच आठवड्यात भाऊराव कारखान्यातून छाती चोळत आले. कॅन्टीनची तिखट कचोरी आणि वर काळा चहा. एकोणीस वर्षांच्या कौसल्येनं चहाच्या चमच्याच्या टोकावर राहील एवढा सोडा पाण्यात घातला आणि दिला. थोड्या वेळानं भाऊरावांनी अशी ढेकर दिली, की भिंतीपलीकडची शेजारीण हसली. नवी नवरी लाजून चूर झाली आणि तेही हसले. दोघांत तोवर धड चार वाक्यं बोलणं झालं नव्हतं. त्या ढेकरेनं बोलणं सुरू झालं. मग वर्षानुवर्षं तसंच चाललं. महिन्यातून एखाद्या वेळी ते म्हणत, “कौसल्ये, तुझं पाणी दे.” त्यांचं तेवढंच लाडाचं बोलणं होतं आणि तिला ते पुरत होतं.

आठ महिन्यांपूर्वी भाऊरावांच्या हृदयाचा पंप थकल्याचं निघालं. डॉक्टरांनी मीठ तोडलं. दिवसभरात सगळं धरून एक चमचाही नको, म्हणाले. चमचा कशाला, कौसल्याबाईंनी चिमूट ठेवली नाही. लोणच्याच्या बरण्या लेकीकडे महूला पाठवल्या. पापड बंद केले. इंदूरच्या माणसाला शेव नाही म्हणजे काय, ते इंदूरच्या माणसालाच कळेल. म्हणून त्यांनी बिनमिठाची शेव घरी पाडली. लोक नावं ठेवायचे, पण बाई हटल्या नाहीत.

आणि तरी पायांची सूज वाढत गेली. आडवं पडलं की धाप लागे, म्हणून एका उशीच्या तीन उशा झाल्या. डॉक्टरांनी लघवीची गोळी दोनदा वाढवली आणि दोन्ही वेळा विचारलं, दादाजी चुपके से नमक तो नहीं खा रहे? भाऊराव नाही म्हणाले. कौसल्याबाईंना खरं वाटलं नाही. त्यांनी सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले. चौकातल्या नमकीनवाल्याला दम दिला, की यांना शेव दिलीस तर दुकानासमोर बसेन. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला त्यांनी नातवंडांसमोर चोर म्हटलं. भाऊरावांनी चौकात जाणंच सोडून दिलं.

याच आठ महिन्यांत त्यांची छाती जास्त जळायला लागली होती. रक्त पातळ करायची गोळी नवी लागली होती. एका ग्लासाचे दोन झाले, दोनाचे तीन. टोकावरचा सोडा अर्धा चमचा झाला, मग भरला चमचा. भाऊराव आता बाकी काही मागतच नव्हते. ना अळणी भाजीवर बोलत, ना शेवेवर. फक्त म्हणत, “कौसल्ये, तुझं पाणी दे.” तेवढं एक तरी द्यावं, म्हणून त्या सढळ हातानं देत. सून सकाळी लवकर कामावर जाई, तिला दुपारचा-संध्याकाळचा हिशेब कुठून कळणार?

दवाखान्यात पट्टी निघाली. नवा झटका नव्हता. पण छातीत पाणी भरलं होतं. ड्यूटीवरची डॉक्टरीण कोवळी पोर होती. तिनं सुई लावली, नाकाला नळी लावली आणि तोच जुना प्रश्न काढला. नमक?

कौसल्याबाई तयारच होत्या. त्यांनी पदर खोचला आणि छाती पुढे करून सांगितलं, की माझ्या घरात आठ महिने मीठ नाही.

डॉक्टरणीनं भाऊरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. चोर म्हणवून घ्यायची त्यांना सवय झाली होती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, और कुछ लेते हैं? कोई चूरन, कोई देसी चीज?

पंचशील म्हणाला, कुछ नहीं. मानसी सासूकडे पाहत होती. ती बोलली असती तर सोपं होतं. पण ती बोलली नाही. आज एकदा मधे हात घातला होता, तेवढा तिनं पुरे मानला असावा.

कौसल्याबाईंना त्या क्षणी आपले वडील आठवले. महूच्या पलटणीच्या मेसमध्ये ते स्वयंपाकी होते. सात-आठ वर्षांची कौसल्या त्यांच्या मागे मागे भटारखान्यात फिरायची. एकदा तिनं विचारलं होतं, साहेबाला सोड्यानं बरं कसं वाटतं? वडिलांनी वाटीत लिंबू पिळलं, वर सोडा टाकला. वाटी फसफसून वर आली, पोर टाळ्या पिटत राहिली. ते म्हणाले, पोटातली आंबट आग अशीच सोड्याला भिडते, आग विझते आणि हा वारा सुटतो, त्याचीच ढेकर. म्हणून जेवून तट्ट झालेल्याला सोडा द्यायचा नाही, आणि कुणाला रोज द्यायचा नाही. फेस बसल्यावर त्यांनी बोट बुडवून तिला चाटवलं होतं. आंबटपणा मेला होता. आणि जिभेवर जे राहिलं होतं ते खारट होतं.

खारट. पासष्ट वर्षांनी ती चव जिभेवर परत आली.

कबूल करायचं म्हणजे डॉक्टरणीसमोर, लेकासमोर, आणि जिला गाडीभर बोलल्या त्या सुनेसमोर. न करावं तर गोळी तिसऱ्यांदा वाढेल, आणि घरी गेल्यावर हा माणूस पुन्हा पाणी मागेल.

“मीठा सोडा देती हूं मैं,” त्या म्हणाल्या. “दिन में तीन बार. भरके चम्मच.”

डॉक्टरणीची लेखणी थांबली. मग ती शांतपणे समजावत गेली, हिंदीत, आणि अडेल तिथे मानसीनं मराठीत सांगितलं. मिठात जे सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, तेच सोड्यातही असतं. चव वेगळी म्हणून अंगाला फरक पडत नाही. चमचाभर सोडा म्हणजे अर्ध्या चमच्याहून जास्त मीठ. तीन चमच्यांचं दीडहून जास्त झालं, वर शीग होती ती वेगळीच. थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं झेपत नाही. मग पाणी पायात साचतं, छातीत चढतं. सोड्यानं आग विझते ती घटकाभर, पोट पुन्हा ॲसिड करतंच. धडधाकट माणसानं कधीमधी अर्धा चमचा घेतला तर गोष्ट वेगळी. दादाजींची जळजळ त्या नव्या गोळीनं असावी, तिच्यासाठी दुसरं औषध मिळेल.

कौसल्याबाईंनी एकच विचारलं, की मग शेवेत मोहनाबरोबर सोडा टाकते, तोही? मानसी हळूच हो म्हणाली.

भाऊरावांनी डोळे उघडले. धापेमुळे आवाज नीट फुटत नव्हता. “म्हणजे मी शेव नव्हती खाल्ली,” ते म्हणाले.

“नव्हती खाल्ली,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. दवाखान्यातल्या चार माणसांदेखत असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊरावांच्या घोट्याचं हाड दिसायला लागलं. दोन उशा काढल्या. नव्या औषधानं छातीही शांत होती. ते दवाखान्याच्या खिडकीतून रस्ता बघत पडले होते, संताजीचा फोन येऊन गेला होता. एकदा सवयीनं म्हणाले, “कौसल्ये, तुझं पाणी...” आणि थांबले. तिनं डॉक्टरांनी मापून दिलेल्या बाटलीतलं साधं पाणी पेल्यात ओतलं, दोन घोट. भाऊराव ते सावकाश प्यायले. ढेकर आली नाही. दोघंही जरा वेळ तिची वाट बघत बसल्यासारखे बसले. बाईंना ती एक खोली आठवली, भिंतीपलीकडचं हसू आठवलं, आणि असं वाटलं, की आपण घरातल्या कुणाला तरी स्मशानात पोचवून आलो.

मानसी ड्यूटीवर जाण्याआधी डबा घेऊन आली. तिनं डबा ठेवला, चार्ट वाचला आणि निघाली. रविवारपासून सासू तिच्याशी कामापुरतंच बोलत होती आणि तिनंही खोदून काही विचारलं नव्हतं. दारापाशी पोचली तेव्हा कौसल्याबाईंनी तिला हाक मारली.

“इकडे ये. पाहुण्यांसमोर सासऱ्याच्या हातातला ग्लास ओढलास, ती रीत नाही, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार. पण ओतलास ते बरोबर केलंस. तुझं चुकलं ते एवढंच, पोरी, की मला घाबरून आठ महिने माझ्या कपाटात डोकावली नाहीस. आता डोकावत जा.”