हिरव्या कोपऱ्यातलं बॅरल

"कुणी तोंडी सांगितलेल्या मापावर जायचं नाही. फोटोत काय उभं आहे ते आधी बघ, मग काय उभं करायचं ते ठरव," असं चंदना मॅडम म्हणाल्या होत्या. शाहूपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात मी काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. मी मान डोलावली आणि विसरून गेले. मोकळ्या प्लॉटच्या फोटोत झाडं, भिंत, गेट घालायचं, त्यात एवढं काय बघायचं, असं मला वाटायचं.

आता मी तेच काम घरून करते. धृती तीन वर्षांची आहे. ती दुपारी झोपली की मी कॉम्प्युटर लावते, पण दर थोड्या वेळाने उठून तिचं पोट वरखाली होतंय ना ते बघून येते. अरिहंत, माझा नवरा, हसतो. हसू दे.

त्या दिवशी प्लॉट विकणाऱ्या विश्वजितदादांच्या साइटचा फोटो आला. कोडोलीच्या रस्त्याला, शहराबाहेर, एक सपाट प्लॉट. पाच फुटी कंपाउंड, पुढे बारा फुटी गेट, मागच्या भिंतीलगत झाडांची रांग, एवढं घालायचं होतं. फोटोत डाव्या हाताला वॉचमन दिलदार उभा होता, त्याच्यामागे त्याची पत्र्याची खोली आणि दोरीवर वाळत घातलेली इवली इवली चड्डी-बनियनं. ती सादची. साद धृतीच्याच वयाचा. प्लॉट बघायला गेले होते तेव्हा दोघांनी एका कागदातून चिरमुरे खाल्ले होते.

मागच्या भिंतीचं माप कशावरून धरायचं, म्हणून मी सुपरवायझर कृष्णातला फोन लावला.

"मागं कोपऱ्यात निळं बॅरल दिसतंय न्हवं? ते तीन फुटाचं हाय. त्यावरनं धरा की," तो म्हणाला.

"आणि त्याच्याभोवती हिरवं आहे ते?"

"गवत. तुमी त्यावर चांगली लॉन मारा. आन ते बॅरल पुसून टाका. त्या सादचा ढोल हाय त्यो. दिसभर बडवत बसतंय पोरगं, डोकं उठवलंय नुसतं."

मी हसले. बॅरल तीन फूट धरून मागची भिंत उभी केली, त्याच मापाने झाडं लावली आणि कच्चं चित्र पाठवून दिलं. लगेच विश्वजितदादांचा फोन.

"एक नंबर! केवढा मोठा दिसतोय ओ प्लॉट! हेच ठेवा."

मोठा दिसतोय, हेच मला खटकलं. मी परत चित्रासमोर बसले.

सपाट जमिनीवर उभं राहून फोटो काढला की कॅमेरा जेवढ्या उंचीवर धरलाय, तेवढ्याच उंचीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक गोष्टीला कापते, ती गोष्ट जवळ असो की लांब. फोटोतल्या रस्त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळेपर्यंत लांबवून मी ती रेघ काढली. दिलदारच्या ओठांवरून गेली. दिलदार साडेपाच फुटांचा, म्हणजे कॅमेरा साधारण पाच फुटांवर होता. मग पाच फुटी भिंतीचा माथा पुढून मागेपर्यंत या रेघेवरच बसायला हवा. पुढची भिंत बसली होती. मागची रेघेच्या निम्म्या उंचीपर्यंतच पोचत होती. अडीच फुटांची भिंत. दिलदार तिच्यावरून सहज तंगडी टाकून गेला असता. भिंत ठेंगणी, म्हणून लांब वाटत होती आणि प्लॉट मोठा.

म्हणजे बॅरलचं माप चुकलं? पण निळं प्लास्टिकचं ते बॅरल सगळीकडे तेवढंच असतं, आमच्या गच्चीवरही आहे. मी जाऊन टेप लावला. तीन फूट. फोटोतलं मात्र रेघेच्या हिशोबाने दीड फूटच भरत होतं.

उरलेलं दीड फूट कुठे गेलं?

मी फोटो मोठा केला. बॅरलच्या बुडाशी गवताचं एकही पातं वर आलेलं नव्हतं. हिरवा रंग अगदी सपाट, एकसारखा, बॅरलला घट्ट चिकटलेला. ते गवत नव्हतं. पाण्यावरचं शेवाळ होतं. बॅरल पाण्यात उभं होतं.

मला कृष्णातचं बोलणं आठवलं. दिवसभर बडवत बसतंय पोरगं.

कृष्णातला पुन्हा फोन केला. "तिथं पाणी आहे!"

"हाय की थोडं. जुन्या टाकीचा खड्डा हाय. तुमाला काय करायचंय? फोटोत दिसत न्हाय न्हवं?"

"साद कुठं आहे?"

"आता मला काय म्हाईत? मी हितं गावात हाय."

दिलदारचा नंबर माझ्याकडे नव्हता. झोपलेल्या धृतीला उचललं, ओढणीने पोटाशी बांधलं आणि गाडी काढली. रस्ताभर मला धृतीचा श्वास गळ्याशी लागत होता आणि डोळ्यांसमोर तो सपाट हिरवा रंग होता.

नजीरा, दिलदारची बायको, दारात भांडी घासत होती.

"साद कुठंय?"

"हितंच हुता की आत्ता. का वो ताई?"

मी तशीच मागच्या कोपऱ्याकडे पळाले. बॅरल होतं. बडवल्याचा आवाज नव्हता. बॅरलच्या मागे, कडेला, साद उकिडवा बसला होता. हातात काटकी. हिरव्यावर काटकी मारायची, ते फाटायचं, खालचं काळं पाणी दिसायचं, पुन्हा हळूहळू मिटायचं. त्याला गंमत वाटत होती. तो आणखी पुढे वाकला.

हाक मारली तर दचकेल, म्हणून मी तोंड दाबून मागून गेले आणि त्याचा शर्ट धरून ओढला. तो रडायला लागला, मग धृतीही.

नजीरा धापा टाकत आली. "गुडघाभर पाणी हाय वो ताई. मी हितनंच बादली भरते."

दिलदारने बांबू आणला. कडेच्या पायरीवर, जिथे बॅरल ठेवलं होतं, तिथे गुडघाभरच होतं. एक हात पुढे बांबू घातला. तो सबंध आत गेला, तरी तळ लागला नाही. नजीराने सादला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला.

मी चित्र नव्याने केलं. भिंत रेघेपर्यंत. गेट बारा फुटांचं, तेवढंच दिसणारं. झाडं लावताना असतात तशी, माणसाहून थोडी उंच. आणि कोपऱ्यात खड्डा, भोवती जाळी. खाली लिहिलं, आधी हे करा.

"ताई," विश्वजितदादा म्हणाले, "डेंजर काम करता तुम्ही. खड्डा दाखवून प्लॉट विकतंय का कोण? बुजवू म्हणलं ना पावसाळ्यानंतर."

"तोपर्यंत जाळी तरी लावा."

"बघतो."

चित्र त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. आता रस्त्याला मोठा फलक लागलाय. ठेंगणी भिंत, भला थोरला प्लॉट, कोपऱ्यात हिरवीगार लॉन. पुढे पत्रे ठोकून प्लॉट बंद केलाय. गेटच्या जागी दिलदारची खोली येत होती, म्हणून ती हलवली. कुठे, ते मी पत्र्याच्या फटीतून बघून आले. मागच्या कोपऱ्यात. जाळी दिसली नाही. मी हाका मारल्या, कुणी आलं नाही. दिलदारचा नंबर त्या दिवशी घेतला होता, तो बंद लागतो. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, बघतो म्हणाले आहेत.

धृतीला कालपासून ताप आहे, मला घर सोडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आज कोडोलीच्या रस्त्याने जाणार असाल, तर त्या फलकापाशी गाडी थांबवा. पत्रा जोरात वाजवा. नजीरा आली तर तिला विचारा, साद कुठंय. इथंच होता, असं म्हणाली तर ऐकू नका. त्याला कडेवर घेऊन येऊ दे, तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि मला कळवा.