तीनशे शब्दांत अण्णांची बैलगाडी

मोनालीच्या शाळेत मराठी कथास्पर्धा आली आणि आमच्या घराचा बाजार झाला. विषय दिलेला: ‘एक प्रवास’. मर्यादा तीनशे शब्द. शीर्षक मोजायचं नाही, आकडा लिहिला तर तोही एक शब्द, कथेच्या पानावर स्वतःचं नाव नको आणि एक शब्द जरी जास्त झाला तरी कथा बाद. वैजयंती मॅडम लाल पेन घेऊन स्वतः मोजणार होत्या.

मी म्हटलं, मागच्या सुट्टीत असीरगढला गेलो होतो, ते लिही. पण पोरीने आजोबांना धरलं. माझे सासरे कौतिकअण्णा, शाहपूरचे जुने केळीवाले. त्यांची एकच गोष्ट आहे आणि लग्न होऊन आल्यापासून मी ती ऐकत आले आहे. नवीन लग्न झालेलं असताना बायकोला बुऱ्हाणपूरला सिनेमा दाखवायचा होता. थोरल्यांसमोर बायकोला शेजारी बसवून गाडी हाकायची म्हणजे तोबा! म्हणून केळी स्टेशनावर पोचवायच्या निमित्ताने निघाले, आणि तिला घडांच्या मागे केळीच्या पानांखाली निजवलं.

खरं सांगायचं तर मलाही ती गोष्ट कागदावर यायला हवी होती. गेल्या वर्षापासून अण्णांचं विसरणं वाढलंय. गोष्टीतला एखादा तुकडा हल्ली सापडत नाही, मग ते धोतराच्या काठाशी चाळा करत राहतात. ते बघवत नाही. एकदा तर मलाच विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडच्या? मी हसण्यावारी नेलं आणि आत जाऊन डोळे पुसले.

तर अण्णा सांगत गेले आणि मोनाली लिहीत गेली. दर दहा शब्दांवर पेन्सिलीने तिरकी रेघ, म्हणजे मोजायला सोपं. तीनशे झाले तेव्हा गाडी शाहपूरच्या वेशीबाहेरसुद्धा पडली नव्हती. पोरीने डोक्याला हात लावला. म्हणाली, “मम्मी, यात तर अख्खा गाव भरलाय, प्रवास शुरू कब होगा?”

चूक अण्णांची नव्हती, आमच्या लोकांची रीतच तशी. माणूस भेटला म्हणून नुसतं नाव घेऊन भागत नाही. कुणाचा कोण, धाकट्या घरचा की थोरल्या, मळा कुठे, बहीण कुठे दिलेली, हे सगळं सांगितल्याशिवाय तो माणूस आमच्या गोष्टीत पाय ठेवत नाही. अण्णांना वाटेत पाच जण भेटले होते. पाचही जण आपापलं खानदान घेऊन आले.

मग छाटाछाट सुरू झाली. या हिंदी मुलखातल्या घरात मराठी मीच जरा धड लिहिते, म्हणून बसले तिच्याशेजारी. आधी बैलांची शिंगं गेली, मग सकाळचं धुकं, मग ‘त्यानंतर मग’ असले फुकटचे शब्द. माझे मिस्टर भूपेंद्र ऑफिसातून आले आणि बैलांची नावं तरी ठेवा म्हणून बसले. मी म्हटलं, चहा घ्या आणि गप्प राहा. शेवटी मोनालीने पाचही माणसांवर काट मारली आणि लिहिलं, ‘वाटेत काही लोक भेटले, त्यामुळे उशीर झाला.’ शब्द भसकन खाली आले आणि ती खूश झाली.

वाचून दाखवलं तसे अण्णा उखडले. “जीवन पाटलाले काहून काढलं? तो नाही तं भेव कशाचं?”

बरोबर होतं हो त्यांचं! लोक भेटले, उशीर झाला, हे तर कुणीही लिहील. जीवन पाटलांनी गाडी थांबवली, आज गाडी जड दिसते म्हणाले आणि पानांना हात घालायला निघाले, खरी गोष्ट ती होती. अण्णांनी घाईने एक घड काढून त्यांच्या हातात दिला, म्हणून वाचले. मोनालीने समजून घेतलं. चौघं गेले ते गेलेच, पण पाटील एकटे, खानदानाशिवाय, परत आले. त्यांच्यासाठी सिनेमागृहाचं वर्णन काढून टाकावं लागलं. तसाही सिनेमा निम्मा संपलेला होता, दोघं बाहेर मावा जिलेबी खाऊन माघारी फिरले. तेवढं एका ओळीत बसलं.

कथा दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मोनालीने पक्की प्रत काढली आणि बोट ठेवत ठेवत मोजली. मग मी मोजली. दोनशे नव्व्याण्णव.

“एक उरला,” मोनाली म्हणाली. “मम्मी, आजीचं नाव कुठेच नाही बघ. सगळीकडे ‘ती’च आहे.”

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. पाटलांच्या बहिणीचं सासर ठाऊक असलेल्या माणसाच्या गोष्टीत बायकोला नाव नव्हतं. असणार कसं? अण्णांनी सासूबाईंना जन्मभर नावाने हाक मारली नाही. ‘ऐकलं का’, फार तर ‘भूपेंद्रची आई’. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मी म्हटलं, तुला ठाऊक आहे ना, लिहून टाक. पण ही माझीच लेक. म्हणाली, गोष्ट अण्णा सांगताहेत, मी नाही. त्यांनी म्हटलं तरच लिहीन. आणि उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली.

जे नाव कधी ओठांवर आणलंच नाही, ते या माणसाच्या डोक्यात अजून असेल का? माझं नाव गेलं, धाकट्या भावाचं गेलं. हे नाही आठवलं तर त्यांच्याकडे आता आहे काय? मी मोनालीला डोळ्यांनी दटावत होते. तिने बघितलंच नाही.

“अण्णा, एकच शब्द उरलाय. आजीचं नाव सांगा ना.”

अण्णांचा हात धोतराच्या काठाकडे गेला. भूपेंद्रही दारात येऊन उभे होते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, तर मी हात धरून थांबवलं.

“वाच,” अण्णा म्हणाले.

मोनाली वाचू लागली. गाडी निघाली, पाटील आले, घड घेऊन गेले. ‘पाटील दिसेनासे झाले. मी पानं सारली. ती हसत होती.’

“थांब,” अण्णा म्हणाले. “आधी हाक मारली होती मी. पानाखाली जीव गुदमरला का काय, म्हणून घाबरलो होतो. रस्त्यावर कोणीच नव्हतं.”

“काय हाक मारली?”

“शारदा,” अण्णा म्हणाले. जरा लाजले आणि दाराकडे बघितलं, कुणी थोरलं माणूस ऐकत तर नाही ना. मग हळूच म्हणाले, “तेवढ्यासाठीच ती हसली होती.”

मोनालीने ‘पानं सारली’ आणि ‘ती हसत होती’ यांच्या मधे ते नाव लिहिलं. मोजायची गरज नव्हती, तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.