मागायचं कोणी

शकुनबाईची मासोळी सिहोऱ्याच्या बाजारात सगळ्यांच्या आधी खपायची आणि तिची जीभ तर मासोळीहून आधी चालायची. त्या जिभेनंच यंदा घोळ केला. लेकीला, रंजूला, दिवस गेले म्हणून ती तुमसरला तिच्या सासरी जेवायला गेली आणि चारचौघींत विहिणीच्या रश्श्याला म्हणाली, "एवढं पाणी तर उन्हाळ्यात आमच्या तलावातबी राहत नाही." बाया हसल्या. विहीण गोदावरीबाई हसली नाही. निघताना एवढंच बोलली, "पोरीले बाळंतपणाले न्यायचं असन तर मले तोंडानं मागा. मंग पाठवतो."

पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात मागायचं काय? शकुनबाईनं काही मागितलं नाही. सातवा महिना सरत आला, आठव्यात तर पोरीला हलवत नाहीत. रंजूनं आईला फोनवर सांगून टाकलं, तुमच्या दोघींच्या मधात मी येणार नाही.

गोदावरीबाई लिहिणारी होती. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायची, रंजूचं वजन वाढलं, रंजू जेवली. शकुनबाई एकेक अक्षर जुळवून वाचायची आणि उत्तर द्यायची नाही. मग कानावर आलं, विहीण म्हणते, निळी खूण येते, वाचते बरोबर, बोलाले मात्र जड जाते.

शकुनबाईनं सुनेला, रीनाला, हाक मारली. ते निळं बंद कर म्हणाली. मी फोन कधी पाहिला ते बंद कर, फोन उघडला की ऑनलाइन दिसते तेही बंद कर.

रीनानं सेटिंगमधलं प्रायव्हसी उघडलं, पण बोट उचलूनच धरलं. सांगितलं, आत्याबाई, यात देणं तसं घेणं आहे. तुमची निळी खूण त्यांना गेली नाही, तर त्यांची तुम्हाला येणार नाही. तुमची वेळ लपली की त्यांचीही तुम्हाला दिसणार नाही. ग्रुपातली खूण तर बंदच होत नाही.

"मले कोणाचं पाहाचं आहे? कर बंद."

आणि दुसऱ्याच दिवशी तिला कळलं, कोणाचं पाहायचं होतं ते. पहाटे जाळं घेऊन निघण्याआधी ती विहिणीच्या नावाखालची वेळ बघायची. वेळ ताजी असली की तिकडचं घर उठलं, पोरीची रात्र बरी गेली, असं तिचं तिनं धरलेलं होतं. आता तिथं नुसतं नाव. तिनं न राहवून एक ओळ पाठवली, पोरीले पालक चारा. दोन करड्या खुणा आल्या आणि करड्याच राहिल्या. विहिणीनं वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही. रीना म्हणाली, परत चालू करून देऊ का? "काहीच नको," शकुनबाई म्हणाली, "मंग तिले आपलंबी दिसन."

मग तिला एक सवय लागली. दुपारी तलावाच्या पाळीवर जाळं सांधायला बसली की ती विहिणीचं पान उघडायची, माइक दाबून धरायची आणि बोलायची. कधी भांडायची, कधी चुकलं माझं म्हणायची, एकदा तर रडलीसुद्धा. आणि बोट उचलायच्या आधी डावीकडे सरकवून सगळं पुसून टाकायची. पलीकडे कोणी आहे असं काही दिसत नव्हतं, म्हणून ती मोकळी बोलायची. पाळीवरच्या चिंचेला ऐकवावं तसं.

आठवा लागायला चारच दिवस राहिले आणि विहिणीचा मेसेज आला. अक्षरं जुळेनात, तिनं रीनाकडून वाचून घेतला.

"इहीणबाई, तुम्ही रोज दुपारी बोलता अन् पुसता. वर लिहून येते, रेकॉर्ड करून राहिल्या म्हणून. काय बोलता ते नाही समजत. मी फोन हातात धरूनच बसतो. आज तरी धाडा."

शकुनबाईचं तोंड उतरलं. "तू तर सारं बंद केलं होतं न?"

"टाइप करणं, बोलणं, हे लपवायचं बटणच नाही त्यात," रीना म्हणाली. "मले काय माहीत तुम्ही बोलता म्हणून? अन् त्या समोर बसल्या आहेत हे तुम्हाले दिसलं असतं, पण तेच तर झाकाले लावलं तुम्ही."

शकुनबाई पदरानं फोनची काच पुसत राहिली. इतक्या दुपारी ती बाई तुमसरला आपल्यासाठी बसून होती, स्वतःहून बोलत नव्हती, पण उठूनही जात नव्हती. विहिणीच्या जागी शकुनबाईनंही हेच केलं असतं.

तिनं माइक दाबला.

"इहीणबाई, त्या दिवशी माझी जीभ घसरली. पोरीले पाठवा माझ्याकडे. मागून राहिलो मी, तोंडानं. सोमवारी येतो."

या वेळी बोट डावीकडे सरकलं नाही. उचललं आणि मेसेज गेला.

लगेच वर अक्षरं हलली, विहीण टाइप करत होती. थांबली. पुन्हा लिहायला लागली. रीना आणि शकुनबाई दोघी बघत राहिल्या.

"मंगळवारी या. सोमवारी तिची दवाखान्याची तारीख आहे. अन् तिच्या संगं मीबी येतो दोन दिवस, तिचं अंथरूण-पांघरूण लावून देतो."

रीनानं वाचून दाखवलं. शकुनबाईनं डोळे पुसले, उठली आणि घराकडे बघून म्हणाली, "दोन दिवस? आता या बाईले झोपवू कुठं मी?"