पडदा लावलेल्या गोगलगायी

रोपवाटिकेत गोगलगायी दिसेनाशा झाल्या आणि त्याचं सगळं श्रेय धाकट्या जावेला गेलं.

म्हणजे काही खोटं नव्हतं. धाकटीनं आल्या आल्या पाइपानं सरसकट पाणी मारणं बंद केलं. सकाळी झारीनं रोपाच्या बुडाशी तेवढं घालायचं, बाकी जमीन कोरडी. वर पाऊसही दडी मारून बसलेला. कोबीच्या कोवळ्या रोपांचं एक पान कुरतडलेलं नाही. बाबा, म्हणजे दोघींचे सासरे, येता-जाता म्हणायचे, "हिच्या हाताला गुण आहे बघा. नवी शेड हिच्याकडेच देऊ."

थोरली ऐकायची आणि ट्रेमध्ये माती जरा जास्तच दाबून भरायची. इतकी वर्षं तिनं अंधारात कंदील घेऊन गोगलगायी वेचल्या, तेव्हा कुणाला तिचे हात दिसले नव्हते. बरं, शेडचंही एक वेळ सोडा. तिची चार वर्षांची चिमणी हल्ली उठल्यापासून "काकू कुठंय?" म्हणून विचारायची. आई समोर उभी, केसांत फणी घेऊन; आणि पोरगी वेणीसुद्धा काकूकडून घालून घेणार!

एका दुपारी मागच्या भिंतीपाशी तिनं रिकाम्या कुंड्यांची चळत उचलली. आतल्या बाजूला, सावलीत, गोगलगायी एकीला एक लागून चिकटल्या होत्या. प्रत्येकीनं अंग शंखात ओढून घेतलेलं, आणि तोंडावर कागदासारखा पातळ पांढरट पडदा. स्वतःचाच चिकट रस वाळवून केलेला. आतला ओलावा बाहेर जाऊ नये म्हणून. मेल्या नव्हत्या, जेमतेम जगत पडून होत्या. हवा ओली झाली की पडदा फोडून बाहेर येणार, आणि इतक्या दिवसांची भूक कोबीवर भागवणार. आत्ता वेचल्या तर हरभरे वेचावे तशा हाताला लागतील. पाऊस पडल्यावर मात्र सगळीकडे पांगतील.

पश्चिमेला ढग जमत होते.

थोरलीनं चळत होती तशी ठेवून दिली. 'पडू दे पाऊस,' तिला वाटलं, 'मग बघू कुणाच्या हाताला किती गुण आहे.' मनातल्या मनात तिला गुदगुल्या झाल्या. शेजारी चिमणी मातीचे लाडू वळत होती. तिच्याकडे लक्ष द्यायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी धावतच आली. हातात चिमणीचं भातुकलीचं घमेलं. "ताई, हे बघा! हिनं शंखांना आंघोळ घातली होती म्हणे."

घमेल्यात बोटभर पाणी, आणि काठावर चार गोगलगायी शिंगं ताणून वर चढत होत्या.

"मला वाटलं, मेल्या सगळ्या," धाकटी म्हणाली. "ह्या तर नुसत्या दार लावून बसल्यात! कुठं सापडल्या गं तुला?"

"कुंडीत. खूप आहेत," चिमणी म्हणाली. "आईनं पण पाहिल्या. मग झाकून ठेवल्या."

थोरलीच्या हातातली खुरपी थांबली. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मग आभाळाकडे.

"चला," ती म्हणाली, "बादली घ्या. झाकणाची."

दोघी भिंतीपाशी बसल्या. कुंड्या, फळ्या, विटांच्या फटी. पडदा लावलेली एकेक गोगलगाय टक् करून सुटायची. धाकटी काही बोलत नव्हती. चार शब्द सुनावले असते तर थोरलीनं आठ ऐकवले असते. पण गप्प माणसाशी भांडायचं कसं? शेवटच्या फळीला हात घातला तोवर थेंब पडायला लागले. त्या फळीखालच्या गोगलगायींचे पडदे सुटू लागले होते, मऊ अंगं हळूहळू बाहेर येत होती. थोरलीनं त्या दोन्ही हातांनी ओरबाडून बादलीत टाकल्या.

बाबा छत्री घेऊन आले. बादलीत डोकावले. "अरे बापरे! हे सगळं आज रोपांवर गेलं असतं. कुणाच्या लक्षात आलं?"

चिमणीनं तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटीनं तिला उचलून कडेवर घेतलं.

"ताईंच्या," ती म्हणाली. "कालच पाहिल्या त्यांनी."

"वा! थोरलीची नजर म्हणजे नजर," बाबा म्हणाले. "शेडचं दोघी मिळूनच बघा मग."

वर्षानुवर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते कानावर पडलं, आणि थोरलीला ते गिळवेना. काल तिला धाकटीच्या हाताचा हेवा वाटत होता. आज तिच्या मनाचा वाटायला लागला, आणि त्यावर काही उपाय दिसेना.

"भिजतेय पोरगी," ती एवढंच म्हणाली, आणि पदर पुढं केला. चिमणी काकूच्या खांद्यावरून हलली नाही. मग थोरलीनं तोच पदर दोघींच्या डोक्यावर धरला, आणि त्यांच्या मागून पावसात चालू लागली.