काळ्या रंगाच्या ट्यूबा

बायको गेल्यावर तिचं सलून काकांच्या गळ्यात पडलं. त्यांना केसांतलं कळायचं ते एवढंच, की आपल्या डोक्यावर ते अजून आहेत. पण बस डेपोच्या स्टोअरमध्ये त्यांनी हयात काढली होती. माल कसा सांभाळायचा हे मला शिकवू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सुनावलं. खरं तर कोणी शिकवत नव्हतं.

तरी गळती निघालीच. कामं दिसत होती त्या मानाने गल्ल्यात रोकड कमी होती. केस रंगवायच्या ट्यूबा तर कपाटातून पाय फुटल्यासारख्या जात होत्या.

काकांनी डेपोचे नियम आणले. गिऱ्हाईक आलं की आधी नंबराची स्लिप फाडायची. स्लिपेशिवाय खुर्चीत बसवायचं नाही आणि कपाटातून ट्यूब मिळायची नाही. रिकामी ट्यूब परत दिली तरच नवी. कात्री चालवणाऱ्याने पैशाला हात लावायचा नाही, पैसे फक्त काउंटरवर. छापील बिल गिऱ्हाइकाच्या हातात पडलंच पाहिजे. दुकान बंद करताना स्लिपा, बिलं, रोकड आणि रिकाम्या ट्यूबा एकमेकांशी जुळवायच्या. कपाटाची किल्ली काकांच्या करगोट्याला. काउंटरवरही काकाच.

नियम चोख होते. गळती मात्र थांबेना. त्यात कमी पडत होता तो नेमका काळा रंग, आणि इथल्या बायका तर घेत होत्या तपकिरी नाहीतर लालसर. काळा नेणारा घरी वापरत असणार, असं काकांनी ताडलं. संशय गेला थोरलीवर. सलूनमध्ये कामाला असलेल्या तिघांत ती सगळ्यांत जुनी, काकूंच्या हाताखाली तयार झालेली, आणि कपाटाजवळची खुर्ची तिचीच. शिवाय तिचे केस काळेभोर होते.

त्या संध्याकाळी सगळी जायला निघाली तेव्हा काका दारात उभे राहिले.

"पिशवी उघड," ते थोरलीला म्हणाले. "काही निघालं तर उद्यापासून येऊ नकोस."

फेशियल करणारी आणि कटिंगवाला जागच्या जागी थबकले. थोरलीचा चेहरा उतरला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे काकांनाही ठाऊक होतं. तिने पिशवी काउंटरवर पालथी केली. डबा, छत्री, गोळ्यांची पट्टी.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता सगळ्यांच्याच बघा. एकटीचीच का?"

"बघतो की. आधी माझीच घे," काका ऐटीत म्हणाले आणि स्वतःची पिशवी उलटी केली.

चष्म्याचं घर पडलं, वर्तमानपत्र पडलं, आणि काळ्या रंगाची नवी कोरी ट्यूब घरंगळत थोरलीच्या डब्याला जाऊन टेकली.

"ही होय?" काका म्हणाले. "ही तर माझी. म्हणजे घरचीच. तुमच्या काकू नाही का दर वेळी आणायच्या..."

चारी भिंतींना आरसे होते आणि प्रत्येकात एकेक म्हातारा उभा होता, कुळकुळीत काळ्या केसांचा. चोर पकडायला इतका पुरावा डेपोत कधी मिळाला नव्हता.

"काकू आणायच्या," थोरली हळूच म्हणाली, "पण बिल फाडून. नाव लिहायच्या, 'आमचे हे'. पैसे स्वतःच्या पर्समधून टाकायच्या."

काका स्टुलावर बसले. इतकी वर्षं बायको आपलं डोकं फुकट रंगवते असं ते समजत होते.

"मग रोकड कुठे जाते?" त्यांनी विचारलं, पण आवाजात आता दम नव्हता.

"शर्टाचा खिसा बघा," कटिंगवाला म्हणाला.

खिशात दोन स्लिपा होत्या. काकूंची आठवण काढून एखादं गिऱ्हाईक डोळे पुसायला लागलं, की काकांचेही भरायचे. मग ते "राहू द्या हो पैसे" म्हणत स्लिप खिशात घालायचे. पुढे ती धुण्यात जायची. दोरीवरून काढलेल्या शर्टात कागदाचा लगदा का निघतो, याचा छडाही आत्ताच लागला.

"त्या शाळेच्या बाई तर आता केस वाढायची वाटही बघत नाहीत," फेशियल करणारी म्हणाली. "आठवण आली की येतात."

"फुकटात रडायला मिळतंय, का नाही येणार?" काका म्हणाले, आणि थोरलीसुद्धा हसली. मग त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून तिच्यापुढे ठेवली. "चुकलो. कपाट तू सांभाळ. काउंटर ही फेशियलवाली सांभाळेल. फुकट काम सोडायचं तर स्लिपेवर तुम्हा दोघींची सही, आणि पैसे माझ्या खिशातून. जाताना पिशवी दाखवायची ती फक्त मी."

सकाळी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक काकाच होते. थोरलीने आधी स्लिप फाडली, मग ट्यूब काढली. काकूंचा ब्रश तिच्या हाती बघून काकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"तुझा हात अगदी हिच्यासारखाच..." ते म्हणाले.

"रडू नका काका," ती म्हणाली, "रंग ओघळतो. आणि रडलात तरी बिल पूर्ण लागेल."

तिने स्लिपेवर नाव लिहिलं: 'काकूंचे हे'.

काकांनी पाकीट काढलं.