ऐंशी टक्क्यांचं चित्र

सिन्नरच्या बाजारपेठेत लियाकतभाईंचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दारात काळ्या नळ्यांची वेटोळी रचलेली असतात आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर लियाकतभाई. मार्चमधल्या एका सकाळी गोरक्ष थेट दुकानात शिरला आणि हातातलं टोमॅटोचं मलूल रोप त्यानं गल्ल्यावर आडवं ठेवलं.

"लियाकतभाई, तुमची अरिबा कुठं हाय? तिला म्हणावं, पेशंट आणलाय."

लियाकतभाईंची लेक अरिबा आत संगणकावर बसली होती. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दुकानाचं इन्स्टाग्राम तीच सांभाळायची. लहान शेतकऱ्यांसाठी तिनं आठ चित्रांचा एक कॅरोझेल केला होता, म्हणजे बोटानं सरकवत बघायची चित्रांची मालिका. खर्च किती, अनुदान कसं, जोडणी कशी, पाणी किती वाचतं, सगळं त्यात. लियाकतभाई येईल त्या गिऱ्हाइकाला मोबाइल पुढं करून ती दाखवायचे. स्वतः मात्र दुसऱ्या चित्रापुढं कधी गेले नव्हते.

"काका, काय झालं?" अरिबा बाहेर आली.

"तूच सांग. तुझंच ऐकून केलं सगळं. ऐंशी टक्के पाणी वाचतं म्हणालीस, वाचवलं. आता टोमॅटो म्हणतात आम्हालाच वाचवा."

"ऐंशी टक्के मी कुठं म्हटलं?"

गोरक्षनं मोबाइल काढला. त्याच्याकडं इन्स्टाग्राम नव्हतंच. गावातल्या कुणीतरी चित्रांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते आणि फिरत फिरत ते त्याच्यापर्यंत आले होते. आठांपैकी पाचच, तेही मागंपुढं झालेले. पहिल्यावर लिहिलं होतं, 'ठिबकनं पाणी किती वाचतं?' आणि त्याच्या लगेच खालच्या चित्रावर पिवळ्या रंगात भला मोठा आकडा, ८०%.

अरिबानं ते खालचं चित्र बोटांनी मोठं केलं. आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. अल्पभूधारकांना ठरलेल्या खर्चाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत अनुदान. पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा.

"काका, हे अनुदानाचं आहे."

"अनुदानाचं मला ठाऊक हाय, पूर्वसंमती घेऊनच सामान नेलं ना मी. पण मला वाटलं, पाण्याचंबी ऐंशीच. सरकारनं दोन्हीला सारखाच आकडा दिला असंल."

लियाकतभाई इतके हसले की खुर्ची करकरली. अरिबाला मात्र हसू येईना. आकडा मोठा आणि अर्थ बारीक, हे तिनंच केलं होतं, दिसायला छान दिसतं म्हणून.

"मग पाणी किती देता?"

"आधी पाटानं सहा दिवसांतून एकदा साडेपाच तास मोटर चालायची. त्याचा पाचवा हिस्सा केला. सहा दिवसांतून तासभर."

"या अल्ला," लियाकतभाई म्हणाले. "गोरक्ष, एवढं पाणी तर माझी अम्मी कुंड्यांना घालते."

दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून बापलेक गोरक्षच्या जीपमध्ये बसले. वाटेत लियाकतभाई म्हणाले, "जोडणीला माणूस पाठवतो म्हटलं, तर हा म्हणाला, चित्रं आहेत माझ्याकडं."

"होती ना. तुमच्या माणसानं चहा तरी मागितला असता."

शेतावर गोरक्षची बायको शैला बांधावरच उभी होती. "आलात का डॉक्टर? बघा, ह्यांचं पाणी वाचवायचं वेड. काल आंघोळीलाबी अर्धीच बादली दिली मला."

अर्ध्या एकरात टोमॅटोच्या ओळी होत्या. विहिरीकडच्या टोकाची रोपं जरा बरी, लांबच्या टोकाची पार माना टाकलेली. मोटर सुरू झाल्यावर अरिबानं फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहिला. तो ठीक होता. मग शैलाकडून दोन वाट्या मागून घेतल्या, एक अलीकडच्या नळीच्या ड्रिपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली ठेवली, एक पलीकडच्या टोकाला.

"ताशी दोन लिटरचा ड्रिपर आहे," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांत अर्धा लिटर यायला हवं."

अलीकडची वाटी भरून वाहू लागली. पलीकडच्या वाटीचा तळ जेमतेम ओला झाला.

"काका, जोडणी झाल्यावर नळ्यांची टोकं उघडी ठेवून पाणी सोडलं होतं का?"

"टोकं उघडी ठेवली तर पाणी बाहेर जातंय. मी आधी टोकं बंद केली, मग पाणी सोडलं."

अरिबानं कपाळाला हात लावला. 'टोकं बंद करण्याआधी नळ्या धुऊन घ्या' हे तिचं सहावं चित्र होतं, आणि सहावं चित्र गोरक्षपर्यंत पोचलंच नव्हतं. नळ्या जोडायला मुख्य पाइपाला भोकं पाडताना पडलेला प्लास्टिकचा भुसा पाण्याबरोबर नळ्यांत गेला होता आणि शेवटच्या ड्रिपरांत अडकून बसला होता.

त्यांनी आधी मुख्य पाइपाच्या शेवटचा व्हॉल्व्ह उघडला. पांढरा भुसा भसाभसा बाहेर आला. मग एकेका नळीचं टोक उघडून, पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू देऊन, पुन्हा बंद. लियाकतभाईंनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला होता.

"भाई, दुकानात बसून पाय गोरे झालेत तुमचे," शैला म्हणाली.

"वहिनी, तुमच्या नवऱ्यामुळं आज काळे होतील."

बरेचसे ड्रिपर सुटले. जे हट्टाला पेटले, तेवढे नळीचे तुकडे कापून नवे जोडले. मग अरिबानं गोरक्षला बांधावर बसवलं.

"काका, पाटाचे तास आणि ठिबकचे तास सारखे नसतात. पाटात सगळी मोटर रानात ओतली जाते, इथं थेंब थेंब. या उन्हात रोज साधारण सव्वा तास चालवा. रोपाजवळ वीतभर उकरून बघा. मातीचा मुटका वळला, तर पुरे. चिखल झाला, तर कमी करा."

"मग वाचतंय किती? खरं सांग."

"तीस ते पन्नास टक्के. तुमच्या हिशोबानं चाळीसच्या आसपास यावं. तेही नीट चालवलं तर."

"चाळीस?" गोरक्षचा चेहरा पडला. "निम्मं कापलंस की माझं."

"जे नव्हतंच, ते कसं कापलं?" शैला म्हणाली.

त्या आठवड्यात अरिबानं कॅरोझेल नव्यानं केला. आता एकेक चित्र सुटं फिरलं तरी पुरं कळेल असं. प्रत्येकावर 'आठपैकी अमुक' असा आकडा आणि अनुदानाच्या चित्रावर 'अनुदान' हाच शब्द सगळ्यात मोठा. खर्चाचं चित्र साध्या भाषेत: टोमॅटोला एकरी साधारण पन्नास ते साठ हजार, ओळी जवळ घेतल्या तर जास्त, आधी पैसे आपले, अनुदान नंतर. 'टोकं बंद करण्याआधी' हे चित्र तिनं पहिल्या क्रमांकाला घ्यायचं ठरवलं होतं. लियाकतभाई म्हणाले, जोडणीच्या आधी टोक कुठून येईल? तेव्हा ते सहावंच राहिलं. यावेळी त्यांनी आठही चित्रं शेवटपर्यंत पाहिली होती.

गोरक्षची मागच्या चार-पाच ओळींतली फुलं गळून गेली, ती गेलीच. बाकीचा माल बरा आला. महिन्याभरानं तो दुकानात आला, तेव्हा अरिबानं विचारलं, "काका, विहिरीचं पाणी किती उरतंय मग?"

गोरक्ष नळ्यांची वेटोळी चाचपू लागला. बरोबर आलेली शैलाच बोलली.

"उरतंय कुठलं? चाळीस टक्के वाचलं म्हणून ह्यांनी पलीकडच्या तुकड्यात चाऱ्याचा घास लावला गाईला. पाटानं भरतात. विहीर होती तिथंच हाय, गाय तेवढी जाड झाली."

लियाकतभाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"गोरक्ष, घासालाही ठिबक चालतं बरं का. नळी मोजू?"

"मोजा," गोरक्ष म्हणाला, "पण ह्या खेपेला जोडायला माणूस पाठवा. चहा मी पाजतो."